मधोमध छेडलेली तार

दोन्ही टोके पक्की बांधलेली तार मधोमध उचलून सोडली, तर मूळ सुराच्या दुप्पट किंवा चौपट कंपनसंख्येचे स्वर तिच्यातून जवळजवळ उमटतच नाहीत. ते का, हे गणिताने नेमके सांगता येते.

टोके हलत नाहीत, ही तारेची सीमा-अट. ही अट पाळून तार ज्या शुद्ध आकारांत डोलू शकते, ते आकार म्हणजे sin(nπx/L). L ही तारेची लांबी आणि n म्हणजे 1, 2, 3... या आकारांना आयगेनफलने म्हणतात. तारेचा कोणताही आकार यांच्या बेरजेतून मिळतो, असे डॅनियल बर्नुली 1753 मध्ये म्हणाला. ऑयलरला ते पटले नाही. शिवाय कोणता आकार किती घ्यायचा, हा प्रश्न होताच. अज्ञात गुणक तर अनंत!

इथे आयगेनफलनांची परस्परलंबता कामी येते. दोन वेगळ्या आकारांचा गुणाकार करून 0 ते L संकलन केले, तर उत्तर शून्य येते. प्रत्येक आकाराचे दुसरे विकलन म्हणजे तोच आकार गुणिले एक ऋण संख्या, आणि ही संख्या प्रत्येक आकाराची वेगळी. दोन आकारांसाठी हे लिहून खंडशः संकलन केले, की एका बाजूला त्या संख्यांमधील फरक गुणिले आपले संकलन उरते आणि दुसऱ्या बाजूला फक्त टोकांवरच्या किमती. टोके स्थिर असल्याने त्या शून्य. फरक शून्य नाही, म्हणजे संकलनच शून्य. आकार तोच असेल, तर मात्र L/2 येते.

आता तारेचा सुरुवातीचा आकार f(x) घ्या. त्याला तिसऱ्या आकाराने गुणून संकलन केले, की बेरजेतली बाकी सगळी पदे गळून पडतात आणि तिसरा गुणक एकटा हाती लागतो. सर्वसाधारण सूत्र असे:

bₙ = (2/L) ∫₀ᴸ f(x) sin(nπx/L) dx

समजा, मध्यबिंदू 10 मिमी उचलला. तारेचा त्रिकोण दोन्ही बाजूंना सारखा असतो. सम क्रमांकाचे आकार मात्र एका बाजूला जेवढे वर, तेवढेच दुसऱ्या बाजूला खाली असतात. म्हणून त्यांचे गुणक शून्य, आणि म्हणूनच ते स्वर गायब! उरलेले गुणक असे: b₁ = 8.11, b₃ = −0.90, b₅ = 0.32. मध्यावर तिसरा आकार स्वतः −1 असल्याने तिथे तिन्ही पदांची भर पडते आणि बेरीज 9.33 मिमी होते. त्रिकोणाच्या टोकदार माथ्यापर्यंत, पूर्ण 10 वर पोहोचायला मात्र अनंत पदे लागतात.

तार एका बाजूला जाड असेल, तर तिचे आकार साइनचे राहत नाहीत आणि संकलनात तारेची घनताही गुणावी लागते. स्टुर्म आणि लिऊव्हिल यांनी 1836-37 मध्ये अशा प्रश्नांचा सर्वसाधारण सिद्धांत मांडला. म्हणून सूत्र वापरण्याआधी दोन वेगळ्या आकारांचे संकलन करून पाहावे. शून्य आले नाही, तर घनता विसरली असेल किंवा आकार सीमा-अटीत बसत नसतील. तसे काढलेले गुणक चुकीचेच निघतील.