प्रश्न असा विचारा, की उत्तर प्रेक्षकाचंच येईल

‘माझ्या झटपट नाश्त्याच्या रेसिपी तुम्हाला आवडतात ना? अजून आणू का?’ यूट्यूबवरच्या एखाद्या चॅनेलने कम्युनिटी पोस्टमध्ये असं विचारलं की नव्वद टक्के ‘हो’ ठरलेलेच. चॅनेलवर जीव असलेला माणूस तोंडावर ‘नाही’ कशाला म्हणेल? मग तसे सहा व्हिडिओ येतात आणि बघायला कोणी फिरकत नाही. प्रेक्षक खोटं बोललेला नसतो. त्याच्या उत्तराची दिशा प्रश्नानेच ठरवून टाकलेली असते.

प्रश्न हे कसं करतात, याचे अभ्यासकांनी नोंदवलेले किस्से मोठे मजेदार आहेत. त्यातला पहिला तर थेट प्रेक्षकांचाच.

टीव्ही किती बघता?

नॉर्बर्ट श्वार्त्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जर्मनीत केलेला एक प्रयोग १९८५ साली प्रसिद्ध झाला. रोज किती वेळ टीव्ही बघता, एवढाच साधा प्रश्न. फरक फक्त पर्यायांत होता. एका गटाला ‘अर्ध्या तासापर्यंत’पासून सुरू होऊन ‘अडीच तासांपेक्षा जास्त’वर संपणारी यादी दिली. दुसऱ्या गटाची यादी ‘अडीच तासांपर्यंत’पासून सुरू होऊन ‘साडेचार तासांपेक्षा जास्त’पर्यंत जात होती. अडीच तासांहून जास्त टीव्ही बघतो म्हणणारे पहिल्या गटात १६ टक्के निघाले, तर दुसऱ्या गटात ३७ टक्क्यांच्या पुढे.

रोज किती वेळ टीव्ही बघितला याचा हिशेब कोणी ठेवत नाही. म्हणून माणूस यादीकडे बघतो, मधला पर्याय म्हणजे चारचौघांसारखा असं धरतो आणि त्याच्या आसपास बोट ठेवतो. तुम्ही ‘व्हिडिओ किती मिनिटांचा हवा?’ विचारून ५, ८, १०, १२ असे पर्याय दिलेत, की ८-१० ला मतं पडणार. २०, ३०, ४० दिलेत तर ३० ला पडतील. त्यातून प्रेक्षकाच्या आवडीपेक्षा तुमच्या यादीचा मधला भागच जास्त कळतो. लांबी कळायला हवी असेल तर प्रेक्षक व्हिडिओ कितव्या मिनिटाला सोडून जातात ते यूट्यूब स्टुडिओत बघा. तिथे आलेख तयारच असतो.

यादीत नाही ते सुचतच नाही

अमेरिकेत २००८ च्या अध्यक्षीय निवडणुकीनंतर प्यू रिसर्च सेंटरने मतदारांना विचारलं, मत देताना कोणता मुद्दा सर्वांत महत्त्वाचा वाटला? पर्याय वाचून दाखवले तेव्हा ५८ टक्के लोकांनी ‘अर्थव्यवस्था’ सांगितलं. पर्याय न देता विचारलं तेव्हा फक्त ३५ टक्क्यांनी. आणखी गंमत पुढे आहे. मोकळ्या प्रश्नाला ४३ टक्के लोकांनी यादीत नसलेलंच काहीतरी सांगितलं. यादी समोर असताना मात्र यादीबाहेर जाणारे जेमतेम ८ टक्के होते.

यूट्यूबच्या मजकुराच्या पोलमध्ये पर्याय जास्तीत जास्त पाच. म्हणजे ही अडचण तिथे आणखी टोकदार होते. माझ्या मते यावर खात्रीचा उपाय एकच: दोन पोस्ट. आधी मोकळी, नंतर पोल.

आपल्या नाश्त्याच्या चॅनेलचंच उदाहरण घेऊ. पहिली पोस्ट अशी: ‘गेल्या आठवड्यात स्वयंपाक करताना तुम्ही नेटवर शेवटचं काय शोधलंत? हवं तसं सापडलं का?’ इथे ‘उदा. पोहे’ असं अजिबात लिहू नका, नाहीतर निम्म्या कमेंटमध्ये पोहेच येतील. कमेंट वाचताना त्या ‘नवीन आधी’ या क्रमाने लावा आणि लाइक न मोजता वेगवेगळ्या माणसांनी काय लिहिलंय ते मोजा. वर दिसणाऱ्या कमेंटला ‘मलाही’ म्हणून लाइक देणं फार सोपं असतं.

समजा, कमेंटमध्ये चार गोष्टी पुन्हापुन्हा आल्या. दुसऱ्या पोस्टचा पोल त्याच लोकांच्या शब्दांत करा. ‘यांपैकी कशासाठी तुम्ही गेल्या महिन्यात रेसिपी शोधली?’ पर्याय: डब्याच्या सुक्या भाज्या, उपवासाचे पदार्थ, एकट्यापुरता स्वयंपाक, उरलेल्या पोळ्यांचं काय करायचं. पाचवा पर्याय ‘यातलं काहीच नाही, कमेंटमध्ये लिहिते/लिहितो’. कोणत्याही पर्यायापुढे हृदयाचं चित्र नको, ‘खमंग’ नको, ‘सोप्या’ही नको. ‘सोप्या आणि पौष्टिक’ तर नकोच. तिथे मत सोपेपणाला पडलं की पौष्टिकपणाला, ते कधीच कळणार नाही.

पाचव्या पर्यायालाच सर्वांत जास्त मतं पडली, तर कमेंट वाचण्यात काहीतरी निसटलंय असं समजा आणि तिथून पुन्हा सुरुवात करा. पहिल्या दोन पर्यायांतच मतांचा ढीग पडला तर ते वर होते म्हणून तर नाही ना, हे बघायला दोन-तीन आठवड्यांनी हाच पोल पहिले चार पर्याय उलट्या क्रमाने लावून टाका. तेव्हाही तेच पर्याय पुढे राहिले तर ती मागणी खरी धरायला हरकत नाही. दिवाळीच्या तोंडावर मात्र हा उद्योग नको. त्या पंधरवड्यात जो तो फराळच शोधत असतो.

एका क्रियापदाची करामत

एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ साली विद्यार्थ्यांना मोटार अपघाताच्या फिती दाखवल्या. ‘गाड्या एकमेकींना धडकल्या तेव्हा वेग किती होता?’ या धर्तीच्या प्रश्नाला सरासरी उत्तर आलं ताशी ३४ मैल. क्रियापद बदलून ‘आदळून चेपल्या’ अशा अर्थाचं जोरकस क्रियापद घातलं, तर जवळपास ४१. अशाच दुसऱ्या प्रयोगात आठवड्याने विचारलं, फुटलेल्या काचा दिसल्या का? जोरकस क्रियापद ऐकलेल्या ५० जणांपैकी १६ ‘हो’ म्हणाले, सौम्य क्रियापदवाल्या ५० पैकी ७. फितीत काच फुटलेली नव्हतीच!

‘सुरुवातीची बडबड कंटाळवाणी वाटते का?’ या प्रश्नात ‘बडबड’ आणि ‘कंटाळवाणी’ तुम्हीच घातलीत. त्याऐवजी ‘मागचा व्हिडिओ बघताना कुठला भाग पुढे ढकललात?’ विचारा. ‘एकही नाही’ हे उत्तरही त्यात मोकळेपणाने देता येतं.

पाच तारे माहितीपटाला, संध्याकाळ विनोदी सिनेमाला

नेटफ्लिक्सने २०१७ साली पाच तारे काढून अंगठा वर, अंगठा खाली अशी पद्धत आणली. गंभीर माहितीपटांना लोक भरभरून तारे द्यायचे, पण प्रत्यक्षात हलकेफुलके सिनेमेच जास्त बघायचे, हे कंपनीच्या लक्षात आलं होतं. ‘पुढे काय बघायला आवडेल?’ या प्रश्नाला माणूस आपण कसे असायला हवे ते सांगतो. ‘गेल्या आठवड्यात काय बघितलंत?’ याचं उत्तर त्या मानाने खरं येतं. म्हणूनच वरच्या दोन्ही पोस्टमध्ये ‘शोधलंत’ आणि ‘शोधली’ असा भूतकाळ आहे.

मत कोण देतंय?

अमेरिकेतल्या ‘लिटररी डायजेस्ट’ साप्ताहिकाने १९३६ मध्ये सुमारे एक कोटी मतपत्रिका पाठवल्या, २० लाखांहून जास्त परत आल्या आणि त्यांवरून अध्यक्षीय निवडणूक लँडन जिंकणार असं जाहीर केलं. प्रत्यक्षात त्यांचे प्रतिस्पर्धी रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्यं जिंकली. ज्यांच्याकडे मोटार किंवा फोन होता अशांच्या याद्यांमधून पत्ते घेतले होते, आणि उत्तर पाठवण्याइतकी आच असलेल्यांनीच ते पाठवलं.

कम्युनिटी पोस्ट मुख्यतः तुमच्या नेहमीच्या मंडळींना दिसते आणि त्यातलेही हौशी लोकच मत देतात. नवा माणूस शोधातून येतो, व्हिडिओ बघून निघून जातो, पोलपर्यंत पोचतच नाही. पण तो काय टाइप करून आला, ते यूट्यूब स्टुडिओत शोधशब्दांच्या यादीत दिसतं. पोलचा निकाल लागला की ती यादी शेजारी ठेवा आणि दोन्हीकडे जे दिसेल त्याचा व्हिडिओ आधी करा.