एक घर डावीकडे

वर्कशीटवर गणित आहे ३४७ × २६ आणि मुलीने उत्तर लिहिलं आहे २७७६. लाल पेनाने फुली मारायला क्षणभरही लागत नाही. पण ती फुली नेमकी कशाला मारली, हे कळायला उत्तराच्या वरच्या दोन ओळी वाचाव्या लागतात.

पहिली ओळ ३४७ ला ६ ने गुणून आलेली : २०८२. बरोबर. दुसरी ३४७ ला २ ने गुणून : ६९४. तीही बरोबर. पाढे चुकले नाहीत, हातचे विसरले नाहीत, बेरीजही चोख आहे. चूक एवढीच, की ६९४ मधला ४ हा २०८२ मधल्या २ च्या खाली आला आहे. २६ मधला २ म्हणजे वीस, त्यामुळे दुसरी ओळ ६९४ दशकांची. तिचा ४ दशकाच्या घरात, म्हणजे ८ च्या खाली हवा होता. तसा लिहिला की २०८२ आणि ६९४० मिळून ९०२२ होतात. या मुलीला पाढे पाठ करायला बसवणं म्हणजे दात दुखतोय म्हणून चष्मा बदलणं.

(मांडणी इथे छापून दाखवायचा मोह होतो, पण ती या पानावरही सरकण्याची दाट शक्यता आहे.)

आता बरोबर उत्तरातून चुकीचं वजा करून पाहा. ९०२२ मधून २७७६ गेले, उरले ६२४६, म्हणजे बरोबर ६९४ ची नऊपट. यात योगायोग नाही. ओळ एक घर उजवीकडे सरकली की तिची किंमत दहावा भाग होते, दहातले नऊ भाग गळतात. एखादा सुटा अंक कितीही घरं सरकला, तरी फरकाला नऊने भाग जातोच. तपासणाऱ्याला ही खूण उपयोगी आहे, फक्त दोन अंकांची अदलाबदल झाली तरी फरक असाच येतो हे लक्षात ठेवावं.

याच कारणाने अंकांची बेरीज करून ताळा पाहण्याची जुनी पद्धत इथे फसते. ३४७ च्या अंकांची बेरीज १४, म्हणजे ५. २६ ची ८. पाच आठे चाळीस, म्हणजे ४. चुकीच्या २७७६ ची बेरीज २२, तीही ४! ताळा जुळला, उत्तर मात्र भलतंच. त्यापेक्षा साधा अंदाज बरा : तीनशेला विसाने गुणलं तरी सहा हजार होतात, मग त्याहून मोठ्या संख्यांचा गुणाकार तीन हजारांच्या आत कसा येईल?

सरकलेला प्रत्येक अंक असं अज्ञान दाखवत नाही. काही मुलांच्या ओळी पानभर एकाच बाजूला कलतात, अंक लहानमोठे होतात, पण उत्तरं बरोबर येतात. अशा मुलाच्या मनात घरं पक्की आहेत, हात तेवढा सैल आहे. त्याचे गुण कापू नयेत असं माझं मत आहे. त्याला चौकटीची वही द्यावी आणि एका चौकटीत एकच अंक लिहायला सांगावा. दोघांतला फरक ओळखायला एक प्रश्न पुरतो : दुसऱ्या ओळीवर बोट ठेवून विचारायचं, “हे किती?” एक मूल सांगेल “सहा हजार नऊशे चाळीस”, दुसरं म्हणेल “सहाशे चौऱ्याण्णव”.

कधी दोष वर्कशीटचाच असतो. संगणकावर स्पेस दाबत दाबत उभी मांडणी केलेली असते. नेहमीच्या बऱ्याच फॉन्टमध्ये स्पेसची रुंदी अंकाच्या साधारण निम्मी असते, त्यामुळे एक स्पेस कमी पडली की अंक दोन घरांच्या मध्ये लटकतो. ही अर्धवट सरक सर्वांत वाईट, कारण तो अंक कुठल्या घरातला हे मुलाला ठरवताच येत नाही. छापण्याआधी एककाच्या रांगेवर पट्टी उभी धरली की दोष दिसतो. स्पेसऐवजी टेबल करून प्रत्येक अंकाला वेगळा रकाना दिला, की तो उद्भवतच नाही.

भागाकारात तर घरं हीच साक्ष असते. ३६७२ ला १२ ने भागायचं आहे. ३६ मध्ये १२ तीन वेळा जातात, म्हणून ३ हा ६ च्या डोक्यावर येतो. मग ७ उतरवला. त्यात बारा जात नाहीत, म्हणून ७ वर शून्य. पुढे २ उतरवून ७२ झाले, त्यात सहा वेळा. उत्तर ३०६. पुष्कळ मुलं ३६ लिहून मोकळी होतात. त्यांच्या मांडणीत ३ जर ६ वर, ६ जर २ वर आणि ७ वरची जागा कोरी असेल, तर मुलाने रीत बरोबर चालवली, शून्य लिहायचं तेवढं राहिलं. ते त्या कोऱ्या जागेवर बोट ठेवताच स्वतःच भरेल. पण ३ आणि ६ एकमेकांना चिकटून भलत्याच अंकांवर बसले असतील, तर शून्य विसरलं की ७ उतरवल्यावर काय करायचं तेच कळलं नाही, हे कागदावरून सांगता येणार नाही. तेव्हा तेच गणित मुलाकडून मोठ्याने बोलत पुन्हा करून घ्यावं आणि ७ उतरवल्यावर ते काय म्हणतं, ते ऐकावं.