बाणावरचा कोणता टक्का खरा?

बड्या उद्योगसमूहाच्या वार्षिक अहवालात मालकीचा एक तक्ता असतो. वर होल्डिंग कंपनीचा चौकोन, त्याखाली उपकंपन्यांचे चौकोन, मधे बाण आणि प्रत्येक बाणावर एक टक्का. वरच्या चौकोनापासून खालच्यापर्यंत बाणांवरचे टक्के गुणत गेलो की वरच्याचा तळाच्या कंपनीत खरा वाटा किती, ते मिळतं. शाळेतला गुणाकार, त्यापलीकडे काही नाही. तरीही हे उत्तर चुकतं, कारण बहुतेक वेळा गुणायला घेतलेला आकडाच चुकीचा असतो.

याचं उत्तम उदाहरण जर्मनीतल्या श्टुटगार्टमध्ये आहे. तिथे ‘पोर्शे’ नावाच्या दोन कंपन्या आहेत. पोर्शे एजी गाड्या बनवते, तर पोर्शे एसई ही होल्डिंग कंपनी आहे. पोर्शे एसई स्वतः एकही गाडी बनवत नाही, तिच्याकडे मुख्यतः इतर कंपन्यांचे शेअर आहेत. या दोघींच्या मधे फोक्सवॅगन आहे, म्हणजे ज्या समूहाचा आपल्याकडे चाकणला कारखाना आहे तीच. सप्टेंबर 2022 मध्ये फोक्सवॅगनने पोर्शे एजीचे काही शेअर बाजारात विकले आणि त्याच वेळी काही थेट पोर्शे एसईला दिले. तेव्हापासून पोर्शे एसईहून पोर्शे एजीकडे जाणारे दोन रस्ते झाले. एक थेट, दुसरा फोक्सवॅगनमार्गे. पुढचे आकडे याच रचनेचे.

पहिला बाण पोर्शे एसईकडून फोक्सवॅगनकडे जातो. या बाणासाठी कुठे 53.3 टक्के असं लिहिलेलं सापडतं, कुठे 31.9. दोन्ही बरोबर आहेत. फोक्सवॅगनचे शेअर दोन प्रकारचे आहेत: मताचा अधिकार असलेले सुमारे 29.5 कोटी आणि बिनमताचे सुमारे 20.6 कोटी. पोर्शे एसईकडे मताच्या शेअरांपैकी 53.3 टक्के आहेत. एकूण भांडवलात मताच्या शेअरांचा हिस्सा 58.9 टक्के, म्हणून 53.3 टक्क्यांचे झाले भांडवलाचे 31.4 टक्के. उरलेला अर्धा टक्का कुठून आला? पोर्शे एसईकडे थोडे बिनमताचे शेअरही आहेत, ते धरून बेरीज 31.9 होते. तक्ता तपासणाऱ्याने पहिल्यांदा हीच जुळणी करावी. एका बाणाचे दोन आकडे एकमेकांतून काढता आले, तर दोन्हींवर विश्वास ठेवायला हरकत नाही.

दुसरा बाण फोक्सवॅगनकडून पोर्शे एजीकडे. पोर्शे एजीचे एकूण 91.1 कोटी शेअर आहेत. हा आकडा कंपनीच्या 911 या मोटारीच्या नावावरून मुद्दाम ठरवलेला, जर्मन हिशेबनीसांनाही हौस असते म्हणायची. त्यांतले निम्मे मताचे, निम्मे बिनमताचे. फोक्सवॅगनकडे भांडवलाचे 75.4 टक्के राहिले. पोर्शे एसईने मताच्या शेअरांपैकी 25 टक्के आणि वर एक शेअर घेतला. मताचे शेअर भांडवलाच्या निम्मेच असल्यामुळे थेट बाणावर भांडवलाचा आकडा 12.5 टक्के येतो. उरलेले 12.1 टक्के बाजारातल्या गुंतवणूकदारांकडे.

आता समजा, पोर्शे एजीने 100 युरो नफा वाटला. त्यातले 12.50 युरो थेट पोर्शे एसईच्या हातात पडतात. 75.40 युरो फोक्सवॅगनकडे जातात. फोक्सवॅगनने ते सगळे पुढे वाटले, तर पोर्शे एसईच्या वाट्याला त्यांचे 31.9 टक्के, म्हणजे 24.05 युरो येतात. एकाच रस्त्यावर एकामागून एक लागणाऱ्या टप्प्यांचे टक्के गुणायचे आणि वेगवेगळ्या रस्त्यांनी आलेल्या रकमा मिळवायच्या, एवढाच नियम. पोर्शे एसईचा पोर्शे एजीतला एकूण वाटा झाला 36.55 टक्के.

याच हिशेबात घाईने मताचे आकडे घातले तर बघा काय होतं. 53.3 ला 75.4 टक्क्यांनी गुणलं की 40.2 येतात. त्यात 12.5 मिळवले की 52.7. म्हणजे पोर्शे एसई गाड्यांच्या कंपनीची निम्म्याहून जास्त मालक ठरली! आकडा दिसायला इतका पटण्यासारखा आहे की कोणी शंकाही घेणार नाही. प्रत्यक्षात ती जेमतेम एक तृतीयांशाच्या पुढे आहे.

अशी चूक पकडायला उलटी तपासणी करतात. तळाच्या कंपनीचे 100 टक्के घ्यायचे आणि ते शेवटी कोणाकोणाकडे पोचतात ते मोजायचं. पोर्शे एसईकडे 36.55. फोक्सवॅगनच्या बाकीच्या भागधारकांकडे, म्हणजे लोअर सॅक्सनी राज्य, कतार आणि इतर मंडळी यांच्याकडे, 75.4 चे 68.1 टक्के, म्हणजे 51.35. बाजाराकडे 12.1. बेरीज बरोबर 100. हीच तपासणी 52.7 वर करा: 51.35 आणि 12.1 मिळवल्यावर बेरीज 116 च्या वर जाते. 100 च्या पुढची बेरीज म्हणजे कुठेतरी मताचा टक्का भांडवलाच्या जागी बसलाय किंवा एखादा वाटा दोनदा मोजलाय. बेरीज कमी पडली तर एखादा बाण काढायचा राहिलाय.

मग मताच्या टक्क्यांचं काय करायचं? ते गुणायचे नसतात. मतांचा हिशेब प्रत्येक पायरीवर वेगळा होतो आणि तिथे प्रश्न असतो बहुमत आहे की नाही, एवढाच. पोर्शे एसईच्या वर पोर्शे आणि पिएश ही कुटुंबं आहेत. एसईचे निम्मे शेअर मताचे, निम्मे बिनमताचे आणि मताचे सगळे या कुटुंबांकडे. या मताच्या शेअरांपुरतं पाहिलं तर भांडवल 50 टक्के, मतं 100 टक्के. म्हणजे पोर्शे एजीच्या 100 युरोंपैकी कुटुंबांकडे या वाटेने पोचतात 36.55 चे निम्मे, सुमारे 18 युरो. मतांचं पाहा. एसईत सगळी मतं त्यांची. फोक्सवॅगनमध्ये एसईची मतं निम्म्याहून जास्त. पोर्शे एजीची मतं या दोन कंपन्यांतच वाटलेली, बाहेर एकही नाही. पैशात पाचव्या हिश्श्याहूनही कमी, आणि मतदानाच्या कागदावर पूर्ण पकड.

‘कागदावर’ असं म्हटलं, कारण इथे एक मेख आहे. 53.3 टक्के मतं हातात असूनही पोर्शे एसई आपल्या हिशेबात फोक्सवॅगनला उपकंपनी धरत नाही, सहयोगी कंपनी धरते. लोअर सॅक्सनीकडे 20 टक्के मतं आहेत आणि फोक्सवॅगनमध्ये मोठ्या निर्णयांना 80 टक्क्यांहून जास्त मतं लागतात. पर्यवेक्षक मंडळावर दोन माणसं नेमायचा हक्कही त्या राज्याला आहे. त्यामुळे बहुमत असलं तरी पोर्शे एसईला मंडळावर आपल्या मनाजोगी माणसं बहुमताने बसवता येत नाहीत. बाण जाड आहे म्हणून खालचा चौकोन उपकंपनीचा, असं गृहीत धरता येत नाही.

लांब साखळीत वाटा घटलाच पाहिजे, हाही एक गैरसमज. फोक्सवॅगनकडे ऑडी पूर्ण मालकीची, ऑडीकडे लॅम्बोर्गिनी पूर्ण, लॅम्बोर्गिनीकडे दुकाटी मोटरसायकल पूर्ण. तीन बाण वाढले, पण तिन्हींवर 100. त्यामुळे दुकाटीत पोर्शे एसईचा वाटा 31.9 टक्केच, फोक्सवॅगनमध्ये आहे तेवढाच.

राहता राहिला दशांशाचा प्रश्न. 31.9 हा मुळातच एका दशांशापर्यंत आणलेला आकडा. खरा वाटा 31.85 ते 31.95 यांमध्ये कुठेही असू शकतो. त्यामुळे गुणाकारात दोन दशांश ठेवले तरी तक्त्यावर छापताना 36.55 ऐवजी ‘सुमारे 36.6’ लिहिणं प्रामाणिकपणाचं. आणि गोलाई शेवटी एकदाच करावी. प्रत्येक पायरीवर करत गेलं तर तळाशी बेरीज 99.9 किंवा 100.1 येते आणि नसलेली चूक शोधण्यात दुपार जाते.