व्हिडिओ झाला तयार, पण खाली लिहायचं काय? डिस्क्रिप्शनची सोपी पद्धत

समजा, कळंबोलीहून बाईकने कर्नाळा किल्ल्यावर गेलात आणि आठ मिनिटांचा व्हिडिओ बनवला. युट्यूबवर टाकताना ‘डिस्क्रिप्शन’चा रकाना येतो. बरेच जण तिथे नुसतं ‘लाईक करा, सबस्क्राईब करा’ लिहून सोडतात.

आधी पहिल्या दोन ओळी बघू. कॉम्प्युटरवर सुरुवातीला साधारण तेवढंच दिसतं, बाकीचं ‘आणखी’ दाबल्यावर. म्हणून कीवर्ड तिथेच हवेत, पण साध्या वाक्यात: ‘कळंबोली ते कर्नाळा किल्ला बाईकने. वाटेत शिरढोण, मग अभयारण्यातून गडावरची चढण.’ लोक इंग्रजीतही शोधतात, म्हणून खाली एकदा Karnala Fort, Panvel लिहा. व्हिडिओत नसलेली नावं घुसडू नका. शंभर शब्दांची रांग लावली, तर युट्यूबच्या नियमांनुसार ते स्पॅम ठरू शकतं.

आता टाइमस्टॅम्प:

```
00:00 कळंबोली सर्कलहून निघालो
01:25 शिरढोण, वासुदेव बळवंत फडके यांचं गाव
03:40 कर्नाळा अभयारण्याचं गेट
05:10 गडावर, सुळक्याखाली
```

पहिली वेळ 00:00 च हवी. किमान तीन वेळा, चढत्या क्रमाने, आणि प्रत्येक भाग निदान 10 सेकंदांचा. आकडे इंग्रजी टाका. हे जमलं की व्हिडिओखालच्या पट्टीचे तुकडे पडलेले दिसतात. पट्टी अखंडच राहिली, तर बहुतेक 00:00 राहिलेलं असतं किंवा क्रम चुकलेला असतो.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो इथे: वेळा एडिटिंग चालू असतानाच लिहून ठेवतात. नंतर सुरुवातीचे 20 सेकंद कापले की 01:25 चं शिरढोण 01:05 ला येतं. 01:25 वर बोट ठेवणारा गाव सोडून पुढे गेलेला असतो. म्हणून एक्स्पोर्ट झालेली शेवटची फाईल चालवून वेळा टिपा, आणि अपलोडनंतर एकेक दाबून बघा.

शेवटी श्रेय. शूटिंग कोणी केलं, एडिटिंग कोणाचं, निवेदन कोणाचं, हे त्या माणसाला विचारून लिहा. युट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीतल्या काही संगीताला ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ परवाना असतो. तिथे श्रेय देणं बंधनकारक आहे, आणि त्याचा तयार मजकूर तिथेच मिळतो. तो जसाच्या तसा चिकटवा.

पण एक गैरसमज काढून टाका. सिनेमातलं गाणं लावून खाली ‘श्रेय मूळ मालकाला’ लिहिलं, म्हणजे परवानगी मिळाली असं होत नाही. कॉपीराइटचा दावा तरीही येऊ शकतो. श्रेय म्हणजे नाव सांगणं, परवानगी वेगळी घ्यावी लागते.