23 किलोंत एक पुस्तक

विमानाच्या बॅगेला 23 किलोंची मर्यादा असते, हे आता गंगापुरातल्या बायकांनाही तोंडपाठ झालंय. वाळूजची औद्योगिक वसाहत आमच्याच तालुक्यातली. तिथल्या कंपन्यांत लागलेली आपली पोरं दोन-चार वर्षांत कुठे जर्मनीला, कुठे जपानला जातात. मग घरोघरी वजनकाटा निघतो. मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, काळा मसाला, छोटा कुकर, थर्मल कपडे. माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा तीन वर्षांपूर्वी सप्टेंबरमध्ये जर्मनीला निघाला, तेव्हा बॅग भरायला मीही होते. सगळं भरून झालं आणि बहीण म्हणाली, "ताई, काही राहिलं का गं?"

राहिलं होतं. तेव्हा मला ते कळलं नाही.

पहिल्या महिन्यात पोरगा फोनवर हसायचा. स्वच्छ रस्ते, वेळेवर येणारी ट्राम, नदीकाठचे फोटो. आम्ही खूश. डिसेंबरात मात्र त्याचा चेहरा उतरलेला दिसायला लागला. संध्याकाळी साडेचारला अंधार, रविवारी दुकानं बंद, बोलायला कुणी नाही. बहीण रोज रात्री साडेअकरापर्यंत जागायची, कारण तो सातला घरी येई आणि हिवाळ्यात तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं. दोन-दोन तास व्हिडिओ कॉल चालायचा. फोन ठेवला की हीही रडायची आणि बहुधा तोही.

त्या काळात मी शोधून शोधून या विषयावरची पुस्तकं वाचली. त्यातून मला कळलेली एकच गोष्ट आज तुम्हाला सांगायची आहे. परदेशी गेलेल्या मुलाला जे दुखतं ते एक दुखणं नसतं, ती तीन वेगळी दुखणी असतात, आणि एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही.

पहिलं दुखणं परक्या रीतींचं. इंग्रजीत त्याला 'कल्चर शॉक' म्हणतात. हा शब्द रूढ केला कालेर्व्हो ओबर्ग या मानववंशशास्त्रज्ञाने. गंमत म्हणजे त्याचं यावरचं गाजलेलं व्याख्यान 1954 साली ब्राझीलमध्ये रिओ दि जानेरो इथल्या महिला मंडळापुढे झालं होतं! नवऱ्यांच्या नोकरीमुळे परक्या देशात येऊन पडलेल्या बायका तेव्हाही हे सोसत होत्याच. ओबर्गचं म्हणणं असं की, रोजच्या जगण्यात आपण शेकडो लहान खुणांवर चालतो. कुणाला कसं भेटायचं, कधी हो म्हणायचं, कुठलं बोलणं थट्टेचं. मासा पाण्याबाहेर पडावा तशा या खुणा एकदम नाहीशा होतात. मग माणूस चिडचिडा होतो, पाणी स्वच्छ आहे का, भांडी धुतली का, याचीच काळजी करत बसतो, तिथली भाषा शिकायचं टाळतो आणि आपल्याच देशाच्या माणसांत जाऊन बसतो. ओबर्गने चार टप्पे सांगितले: आधी अपूर्वाई, मग त्रास, मग सावरणं आणि शेवटी रुळणं.

यावर व्यवहारी पुस्तक म्हणाल तर क्रेग स्टोर्टी यांचं 'द आर्ट ऑफ क्रॉसिंग कल्चर्स' (1990). इंग्रजी आहे, पण लहान आहे आणि सोपं आहे. त्याचं सार दोन वाक्यांत सांगता येतं. लोक आपल्यासारखे वागतील अशी आपली अपेक्षा असते आणि ते तसे वागत नाहीत. राग आला की पळू नका, थांबून स्वतःलाच विचारा की मी नेमकी कसली अपेक्षा धरली होती.

आमच्या पोराचंच उदाहरण घ्या. एका रविवारी त्याने खोलीत फळी लावायला भिंतीला भोकं पाडली. दुपारी दारावर चिठ्ठी: कृपया आज नाही. याला वाटलं, आपण परके म्हणून हे लोक असं वागतात. दोन दिवस त्याने शेजारणीकडे पाहिलंही नाही. खरं कारण साधं होतं. जर्मनीत रविवार शांततेचा मानतात, ड्रिलचा आवाज त्या दिवशी चालतच नाही. त्याने धरलेली अपेक्षा अशी होती की शेजाऱ्याला काही खुपलं तर तो दार वाजवून, चहा पीत सांगेल. तिथे चिठ्ठी हीच सभ्य रीत. हे कळल्यावर तो स्वतः जाऊन "माहीत नव्हतं" म्हणून आला. शेजारणीने त्याला कचऱ्याचे चार डबे कोणते ते समजावून सांगितलं!

अशा गोष्टी आधी कळल्या तर किती बरं. वाढदिवसाला ऑफिसात केक ज्याचा वाढदिवस त्यानेच न्यायचा असतो. आपला पोरगा दिवसभर वाट बघत बसला की कुणीतरी केक आणेल. त्यांच्या भाषेतही आपल्यासारखं 'तू' आणि 'तुम्ही' आहे, आणि 'तू'वर यायला मोठ्याने परवानगी द्यावी लागते. हे तर मराठी मुलाला चटकन समजतं.

मात्र या पुस्तकांची एक मर्यादाही सांगते. कुणी खरोखर अपमान केला, रंगावरून बोललं, तर तो 'रीतीतला फरक' नव्हे. तिथे स्वतःलाच दोष देत बसायचं नाही, ऑफिसात तक्रार करायची. आणि दुसरी गोष्ट, ते चार टप्पे वेळापत्रकासारखे धरू नका. कॉलीन वॉर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1998 साली न्यूझीलंडला गेलेल्या जपानी विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना दिसलं की त्या मुलांची उदासी सगळ्यात जास्त होती ती अगदी सुरुवातीला. म्हणजे पहिल्याच आठवड्यात मुलगा रडला तर तो कच्चा आहे असं नाही. आणि फोनवर हसला म्हणजे तो सुखात आहे, असंही नाही.

दुसरं दुखणं घराच्या ओढीचं. हे जुनंच आहे. 1688 साली बाझलमध्ये योहानेस होफर नावाच्या तरुण वैद्याने यावर प्रबंध लिहिला, आणि परदेशी गेलेल्यांच्या या आजाराला त्याने 'नॉस्टॅल्जिया' हे नाव दिलं. आपल्याकडे यासाठी मी वाचायला सांगेन ते डॉ. आनंदीबाई जोशी यांचं चरित्र. श्री. ज. जोशी यांची 'आनंदी गोपाळ' (1968) आपण सगळ्यांनी वाचली आहे, पण ती कादंबरी. काशीबाई कानिटकरांनी लिहिलेलं जुनं चरित्र आणि अंजली कीर्तने यांचं 'डॉ. आनंदीबाई जोशी: काळ आणि कर्तृत्व' (1997) हे संशोधन हाती घ्या, म्हणजे पत्रांतली आनंदीबाई भेटते.

1883 च्या एप्रिलमध्ये अठराव्या वर्षी ती कलकत्त्याहून बोटीने निघाली. सोबत नात्याचं कुणी नाही. पण अमेरिकेत तिला उतरवून घ्यायला एक घर होतं. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंशी तिचा पत्रव्यवहार निघण्याच्या बराच आधी सुरू झाला होता आणि ती त्यांना मावशी म्हणायची. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात जाण्याआधीचे महिने तिने त्या घरी काढले. पुढे थंडी, खोली, शाकाहारी जेवणाची आबाळ, सगळं झालं, तरी तिच्यामागे ते एक घर होतं. 1886 च्या मार्चमध्ये ती डॉक्टर झाली.

याच चरित्रातली दुसरी बाजू आपण आयांनी आणि बायकांनी नीट वाचावी. घरून येणारी पत्रं तिला नेहमी बळ देत असत असं नाही. गोपाळरावांच्या पत्रांतले टोमणे आणि संशय तिला फार लागायचे. घरचा आवाज औषध असतो तसा घावही असतो. आपण फोनवर "बारीक झालास, जेवतोस ना, कधी येतोस" एवढंच विचारत राहिलो, तर मुलाला वाटतं की आपण आईला दुःखच देतोय. मग तो खरं सांगणं बंद करतो. आमच्याकडे नेमकं तेच झालं.

तिसरं दुखणं एकटेपणाचं, आणि हे घरच्या फोनने बरं होत नाही. घराची ओढ म्हणजे तिकडची माणसं हवीशी वाटणं. एकटेपणा म्हणजे इकडे कुणी नसणं. दोन तासांचा कॉल पहिलीवर फुंकर घालतो, पण दुसऱ्याला वाढवतोसुद्धा, कारण ज्या संध्याकाळी माणसं भेटायची त्याच संध्याकाळी पोरगा मोबाइलसमोर असतो. हे कळल्यावर मी बहिणीला म्हटलं, "बाई, तू त्याची माया कमी करू नकोस, फक्त वेळ बदल." बुधवारी दहा मिनिटं आणि रविवारी सकाळी मनसोक्त, असं ठरलं. तिथे रविवारी सगळं बंदच असतं, त्यामुळे तो वेळ त्यालाही जड जायचा. पहिले दोन आठवडे बहिणीलाच करमेना. पण बुधवारची संध्याकाळ मोकळी झाली आणि तो बॅडमिंटनच्या मंडळात जायला लागला. जर्मनीत ऑफिसची माणसं ऑफिस सुटलं की आपापल्या घरी जातात. मैत्री जुळते ती अशा मंडळांत, 'फेराइन' म्हणतात त्यांना. दर आठवड्याला तीच माणसं, तीच वेळ. एकदम जीव लावत नाहीत, पण चार-सहा महिन्यांनी "का आला नाहीस?" म्हणून विचारतात.

प्रवासवर्णनांचं काय, असं विचाराल. पु. लं.ची 'अपूर्वाई' द्याच, हसायला हवंच. पण पाहुणा म्हणून फिरणं वेगळं आणि भाड्याच्या खोलीत फेब्रुवारी काढणं वेगळं. ते पुस्तक निघताना वाचायचं. स्टोर्टी पहिल्या महिन्यात वाचायचं, आणि आनंदीबाई घरच्यांनी आधी वाचायची.

शेवटी एक महत्त्वाचं. पुस्तकाने भागत नाही अशीही वेळ येते. दोन आठवड्यांहून जास्त झोप नाही, जेवणावरची वासना गेली, आवडीचं काही करावंसं वाटत नाही, कामाला जाणं टळतंय, जगण्यात अर्थ नाही असं बोलणं आलं, तर ती घरची ओढ समजून थांबायचं नाही. तिथल्या डॉक्टरला दाखवायचं, आणि कंपनीला सांगायला लाजायचं नाही. मनातलं मराठीतच बोलायचं असेल तर इथले समुपदेशकही व्हिडिओवर बोलतात.

गेल्या दिवाळीला पोरगा पंधरा दिवस घरी आला. पहिले दोन दिवस खूश, तिसऱ्या दिवशी बहिणीला म्हणाला, "आई, इथे किती आवाज गं!" तिचा चेहरा पडला. मी मनात हसले. परत आल्यावरही पुन्हा रुळावं लागतं, त्यावरही स्टोर्टींचं 'द आर्ट ऑफ कमिंग होम' नावाचं पुस्तक आहे.

निघताना पुन्हा वजनकाटा काढला. अर्धा किलो जास्त भरत होतं. बहिणीने मेतकुटाचा डबा बाहेर काढला आणि आनंदीबाईचं चरित्र आत राहू दिलं. म्हणाली, "मेतकूट करायला मी त्याला फोनवर शिकवेन."