दुसरी गाडी किती किलोमीटरला परवडते?

दुसऱ्या गाडीचा विषय घरात निघाला की चर्चा हप्त्यापासून सुरू होते आणि बहुतेक वेळा तिथेच संपते. ‘साडेबारा हजार जातील, जमेल.’ पण हप्ता म्हणजे गाडीचा खर्च नव्हे. त्यातला बराच भाग मुद्दल असतो. खरा खर्च गाडीच्या उतरत्या किमतीत दडलेला असतो आणि तो पासबुकात दिसत नाही.

पुण्यात वनाजजवळ राहणारं एक चौकोनी कुटुंब समजू. एक गाडी आहे, दुसरी घ्यायची आहे. रस्त्यावर येईपर्यंत तिला 8 लाख 20 हजार लागले आणि पाच वर्षांनी ती 3 लाख 70 हजारांना विकली, तर महिन्याला साडेसात हजारांची घट झाली. सहा लाखांच्या कर्जावर नऊ टक्क्यांनी सरासरी 2,400 रुपये व्याज. विमा 1,300, सर्व्हिसिंग आणि टायर 800. म्हणजे गाडी जागची हलली नाही तरी महिन्याला 12 हजार गेले.

आता पेट्रोल किलोमीटरला सात रुपये आणि कॅब 22 रुपये धरली, तर स्वतःची गाडी दर किलोमीटरला 15 रुपये वाचवते. बारा हजार भरून निघायला महिन्याला 800 किलोमीटर पळवावं लागेल.

इतकं ती खरंच पळेल का? जोडीदाराचं ऑफिस कल्याणीनगरला असेल, तर वनाजहून थेट मेट्रो आहे. हा मार्ग 2022 ते 2024 दरम्यान टप्प्याटप्प्याने सुरू झाला. रोजचं जाणं-येणं हिशेबातून वजा केल्यावर उरतात क्लास, बाजार, दवाखाना. त्यातल्याही ज्या फेऱ्यांच्या वेळी पहिली गाडी दारात उभी असते, त्या मोजायच्या नाहीत. महिनाभर कॅलेंडरवर फक्त एकाच वेळी दोन गाड्या लागल्या तेवढ्याच वेळा आणि अंतरं लिहावीत. आकडा पाहून अनेक घरांत विषय आपोआप मागे पडेल.

मात्र कॅबचा 22 रुपयांचा दर पावसाळ्यातल्या संध्याकाळी टिकत नाही, आणि कधी कधी गाडी मिळतच नाही. घरात डायलिसिसला जाणारे आजोबा असतील किंवा कोणाची रात्रपाळी असेल, तर पैशांपेक्षा ही खात्री महत्त्वाची ठरते.

अशांनी नवीच गाडी घ्यावी असं नाही. तीन लाखांची जुनी गाडी रोखीने घेऊन पाच वर्षांनी दीड लाखाला विकली, तर घट अडीच हजारांवर येते. विमा 700 आणि दुरुस्तीला सढळ हाताने 1,500 धरले, तरी 315 किलोमीटरच्या आसपास ती कॅबच्या बरोबरीला येते. फक्त सोसायटीत दुसऱ्या पार्किंगचे किती पडतात, हे आधी विचारून घ्यावं. महिन्याला 1,500 असतील, तर त्या आकड्यात आणखी 100 किलोमीटर मिळवावे लागतात.