माया किती सोडली, तेवढं लिहा

आमच्या सोसायटीच्या जिन्याखाली एक फळा आहे. पाणी कधी जाणार, मेंटेनन्स कुणाचा राहिला, असलं सगळं त्यावर असतं. मध्यंतरी कुणीतरी एक चिठ्ठी डकवली होती : ‘कोपऱ्यावरच्या टेलरकाकू एक नंबर. शिवण सुरेख, स्वभाव गोड. डोळे झाकून जा.’

चिठ्ठी मनापासून लिहिलेली होती, पण वाचणारीच्या हाती काय लागलं? लिहिणारीने ब्लाऊज शिवला होता की उशांचे अभ्रे, तेही कळत नाही. नव्या शिंपिणीकडे जाताना बाईच्या मनात तीनच धास्ती असतात : कापड वाया जाणार नाही ना, तारखेला मिळेल ना, आणि शिलाई किती? ‘एक नंबर’ या शब्दांत तिन्हींपैकी एकाचंही उत्तर नाही.

काही दिवसांनी तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी त्याच काकूंबद्दल लिहिलं :

‘जानेवारीत खणाचा ब्लाऊज शिवून घेतला. मापाला जुना ब्लाऊज नेला होता, तरी काकूंनी टेपने पुन्हा माप घेतलं. अस्तर आधी भिजवून घेतलं. घालून पाहिला तर काखेत काचत होता; बाजूच्या शिवणी उसवून पाव-पाव इंच सैल केला, जादा पैसे घेतले नाहीत. आत अजून माया आहे. दोनदा धुतला, चुण्या पडल्या नाहीत. आठ दिवस सांगितले, दहा लागले. शिलाई अस्तरासकट ६५० रुपये. पंजाबी ड्रेस मी त्यांच्याकडे शिवलेला नाही.’

यातलं अस्तराचं वाक्य आधी घेऊ. सुती अस्तर पहिल्या धुण्यात आटतं. वरचं कापड तेवढं आटत नाही. मग अस्तर आतून ओढतं, वरचं कापड शिवणीजवळ फुगतं आणि ब्लाऊज अंगाला आवळतो. यावर उपाय साधा आहे : बेतण्याआधी अस्तर पाण्यात भिजवायचं, वाळवायचं, इस्त्री करायची, मग कात्री लावायची. घाईच्या दिवसांत हेच काम पहिलं गळतं, आणि ब्लाऊज हातात पडतो त्या दिवशी ते दिसत नाही. म्हणून शिफारस दुकानातून घरी आल्या आल्या लिहू नये, निदान एकदा धुऊन झाल्यावर लिहावी. ‘दोनदा धुतला’ हे शब्द ‘सुरेख’पेक्षा जास्त सांगतात ते यामुळे.

आता माया. शिवणीच्या आत जे जादा कापड सोडतात, त्याला आपल्याकडे माया म्हणतात. ब्लाऊज उलटा करा. बगलेखालच्या शिवणीपासून कापडाच्या कडेपर्यंत बोटाने मोजा. इंचभर भरली तर पुढे अंग भरलं तरी ब्लाऊज घालता येतो. पाव इंच हे ऐकायला अगदीच थोडं वाटतं. पण दोन्ही बगलांत पुढचा आणि मागचा भाग जुळतो, म्हणजे चार कडा. चारी ठिकाणी पाव इंच सोडला की घेरात पुरता एक इंच मिळतो. वहिनींचा काच गेला तो एवढ्यावरच. कापड वाचवायला माया काटून टाकली असती, तर काकूंचा स्वभाव कितीही गोड असता तरी सोडायला काही उरलं नसतं. त्यामुळे चुकलं काय आणि निस्तरलं कसं, हे लिहिण्याने काकूंची बदनामी होत नाही. उलट काम आतून नीट होतं, याचा तोच पुरावा ठरतो.

‘दहा लागले’ हेही तसंच. लग्नाची तारीख डोक्यात असलेली बाई ते वाचून कापड लवकर टाकते. ड्रेसबद्दलचं शेवटचं वाक्य तर प्रामाणिकपणे कुंपण घालतं : मी पाहिलं ते एवढंच, पुढचं मला ठाऊक नाही.

काही गोष्टी मात्र चिठ्ठीत नसाव्यात. काकूंना विचारल्याशिवाय त्यांचा फोन नंबर फळ्यावर लावू नये. त्या आपल्या नात्यातल्या असतील किंवा त्यांनी शिलाई माफ केली असेल, तर तेही सांगून टाकावं. भारतीय मानक ब्युरोने २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक काढलं. पैसे देऊन लिहवून घेतलेले अभिप्राय त्यात चालत नाहीत. जिन्याखालच्या फळ्याला ते मानक लागू नाही, पण वाचणारीची फसगत दोन्हीकडे सारखीच.

प्लंबरची शिफारस करायची तर कुठली गळती काढली आणि त्यानंतर किती महिने कोरडं आहे ते लिहा. शिकवणीची असेल तर मूल कुठल्या गणिताशी अडत होतं आणि आता एकट्याने कुठवर जातं ते.

वहिनींची चिठ्ठी अजून फळ्यावर आहे. खाली कुणीतरी हिरव्या शाईत भर घातली आहे : ‘मलाही दहाच दिवस लागले. माया भरपूर.’